लांबून दिसणारं घर

आमच्या घरात संगणकवेडे दोन, मी आणि माझा धाकटा भाऊ. दोघांनाही खेळ खेळण्यापेक्षा तो दुरुस्त करण्यात जास्त गोडी. आईला हे कधी समजलं नाही. "खेळायचं आसंल तर खेळा, न्हायतर बंद करा," असं ती म्हणायची. तिचंही चूक नव्हतं. आठवडाभर खटपट करून आम्ही खेळ सुरू करायचो, दहा मिनिटं त्यात फिरायचो आणि म्हणायचो, त्या पलीकडच्या डोंगराचं काहीतरी बिघडलंय. की पुन्हा बंद.

खेळ तसा जुना. एक मोठा मोकळा मुलूख, त्यात आपण एक पात्र घेऊन हवं तिकडं भटकायचं, माणसांशी बोलायचं, राक्षसांशी लढायचं. जगभरचे हौशी लोक त्यात आपापली भर घालतात. कुणी नवी झाडं करतं, कुणी रस्ते, कुणी अख्खं गाव. या भरीला मॉड म्हणतात. आम्ही असे मॉड इतके घातले होते की मूळ खेळ शोधायला गेलं असतं तर सापडला नसता.

मॉड जास्त झाले की ते एकमेकांच्या पायात येतात. एकाने रस्ता आखलेला असतो, दुसऱ्याने नेमकं तिथं झाड लावलेलं असतं. खेळ मॉडच्या यादीत जो शेवटी असेल त्याचं ऐकतो. मग रस्त्याच्या मधोमध झाड उभं राहतं आणि बैलगाडीवाला त्याला धडकत बसतो. अशा वेळी एक छोटी फाइल करावी लागते: रस्ता याचा घ्या, झाड त्याचं घ्या, आणि हे एवढं झाड हात-दोन हात सरकवा. तिला पॅच म्हणतात. हे भांडण मिटवायचं काम माझं. मी धाराशिवच्या एका शाळेत गणित शिकवते, मला भांडणं मिटवायची सवय आहे.

भावाकडे लांबचं काम होतं. या खेळात जवळचं आणि लांबचं अशी दोन वेगळी जगं असतात. आपण उभे असू तिथले आजूबाजूचे काही चौकोन तेवढे खरे असतात. तिथलं प्रत्येक दार उघडतं, प्रत्येक भांडं उचलता येतं. त्यापलीकडे दिसतं ते सगळं आधी तयार करून ठेवलेलं, ढोबळ. डोंगराची विरळ जाळी, तिच्यावर ताणलेलं चित्र, घरांच्या जागी घरासारखे खोके. आपण चालत जवळ गेलो की खेळ तिथलं ढोबळ काढून घेतो आणि खरं मांडतो. दोन्ही जुळलेलं असलं तर कळतही नाही. जुळलं नसलं तर लांबून दिसणारी टेकडी जवळ गेल्यावर वितळते, नाहीतर एखादं घर हवेत लटकतं. म्हणून हे लांबचं जग सगळ्यात शेवटी तयार करायचं असतं. यादी पक्की झाली, पॅच झाले, आता काही हलवायचं नाही, असं ठरलं की मग एक प्रोग्रॅम चालू करून द्यायचा. तो अख्खी यादी वाचतो आणि तासन्तास बसून क्षितिज घडवतो.

भावाला मूळ खेळातलं क्षितिज सहनच व्हायचं नाही. आमच्या येडशीच्या घराच्या गच्चीवरून रामलिंगाकडचा डोंगर दिसतो. उन्हाळ्यात तांबूस, पावसाळा संपताना हिरवागार, आणि दुपारी धूसर. तो मला गच्चीवर नेऊन दाखवायचा, म्हणायचा, "बघ ताई, लांबचं झाड एकेक दिसत न्हाई, पण झाडी हाय हे कळतं. आपल्या खेळात नुसता शेणाचा पो वाटतो." मग तो खाली येऊन पुन्हा लांबच्या झाडांची चित्रं बदलत बसायचा. प्रोग्रॅम चालू असला की संगणक तापायचा, आणि आई त्यावर धूळ बसू नये म्हणून तिचा क्रोशाचा रुमाल घालायची. दोनदा तो त्या रुमालापायी गुदमरून बंद पडला. रुमाल काढला की ती रुसायची.

मग भावाला परदेशात नोकरी लागली. बर्फाचा देश. जायच्या आधी महिनाभर त्याने एक मॉड स्वतः केला. खेळातल्या एका टेकडीवर त्याने घर बांधलं. पांढऱ्या भिंतींची एक खोली, बाहेरून चढणारा दगडी जिना आणि वर गच्ची. गच्चीवर एक बाज. आत दोन बिछाने आणि एक पेटी. ते लांबून दिसावं म्हणून त्याने त्याचा ढोबळ खोकाही वेगळा केला, कारण खोका नसेल तर प्रोग्रॅम त्या घराला लांबच्या जगात घेतच नाही. टेकडीखाली नदी आहे, तिच्यावर पूल. पुलाच्या अलीकडून वर पाहिलं की झाडीत ती पांढरी भिंत दिसायची. आमच्या घराची भिंत काही पांढरी नाही, फिकट गुलाबी आहे.

तो गेल्यावर आम्ही खेळायची एक रीत पाडली. पात्र एकच. आठवडाभर मी खेळायची, मग जिथवर आले तिथली नोंद, म्हणजे सेव्ह, त्याला पाठवायची. पुढचा आठवडा तो खेळायचा, मग परत माझ्याकडे. दोघांकडे यादी तंतोतंत सारखी असावी लागे, नाहीतर त्याच्याकडचं सेव्ह माझ्याकडे उघडत नसे. आणि एक नियम: पात्र कुठंही भटको, पाळी संपवायची टेकडीवरच्या घरात. पात्र बिछान्यावर झोपवायचं आणि पेटीत दुसऱ्यासाठी काहीतरी ठेवायचं. तो कधी मध ठेवायचा, कधी एखादी महागडी तलवार. मी एकदा पेटी नुसत्या कोबीच्या गड्ड्यांनी भरून ठेवली होती, कारण लहानपणी कोबीची भाजी म्हटलं की तो ताटावरून उठायचा. त्यावर त्याने फोन करून मला दोन शिव्या दिल्या. त्या शिव्या ऐकून मला फार बरं वाटलं. फोनवर तो एरवी तब्येत, पाऊस आणि बाबांच्या गोळ्या एवढंच बोलायचा.

खरी भेट अशी ती पेटीतच व्हायची. तो यंदा येतो, पुढच्या वर्षी नक्की, असं करता करता बरीच वर्षं गेली. आई त्याच्या खोलीतली गादी दर दिवाळीला उन्हात घालायची. मी गादी उचलायला मदत करायचे. मला तो हवा होता, हे सरळच सांगते. घरात बोलायला माणसं होती, पण "शेणाचा पो" म्हणून डोंगराला नावं ठेवणारं कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी त्याला तिकडं कायमचं राहायची परवानगी मिळाली. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. मीही वाटले. त्या आठवड्यात माझी पाळी होती. मी पेटीत एक लाल झूल ठेवली, खेळात थंडीत पांघरायची असते तशी. शहरातल्या सगळ्या दुकानांत फिरून घेतली होती. तिकडं थंडी असते म्हणून.

त्याच सुमारास त्याला एक नवा मोठा मॉड घालायचा होता. अख्खा बर्फाळ मुलूख. "तिथं बर्फ कमी पडतोय का तुला?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "खेळातला बर्फ झाडावा लागत न्हाई." अडचण अशी होती की आमची खेळाची आवृत्ती जुनी, आणि तिच्यात अडीचशे फाइलींच्या थोडं वर गेलं की यादी भरते, पुढची एक फाइलही खेळ घेत नाही. आमची यादी काठोकाठ भरलेली. त्यावर उपाय म्हणजे छोटे पॅच एकत्र करून त्यांची एक फाइल करायची. जे पॅच नुसते दुसऱ्यांच्या वस्तू इकडच्या तिकडं करतात, ते बिनधास्त एकत्र करता येतात. पण ज्या मॉडमध्ये स्वतःच्या नव्या वस्तू आहेत, तो एकत्र केला की त्याची ओळख बदलते आणि जुन्या सेव्हला त्या वस्तू सापडत नाहीत. त्यामुळे घर एकत्र करता येणार नव्हतं. ते एक जागा अडवून बसणारच होतं, आणि ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

त्याला सुट्टी होती, तर एकत्र करायचं काम त्याने घेतलं. लांबचं जग घडवायचं काम आता माझ्याकडे होतं, कारण त्याच्याकडचा लॅपटॉप ऑफिसचा, तासन्तास तापवता येत नाही. तो गेल्यावर ते मी शिकले होते. रविवारी त्याची नवी यादी आली, सोबत त्याच्या पाळीचं सेव्ह. नवीन क्षितिज घडवायला बसायच्या आधी यादी नीट चालते का ते पाहावं, म्हणून मी लांबचं जुनंच ठेवून खेळ सुरू केला.

पात्र जागं झालं ते टेकडीवरच्या घरात नाही, शहरातल्या एका खानावळीत. भाड्याच्या खोलीत. मला वाटलं, घाईत असेल. मग पिशवी उघडून पाहिली. पिशवीत लाल झूल होती. मध होता, तलवार होती, पेटीतलं होतं नव्हतं ते सगळं होतं, कोबीचे उरलेले दोन गड्डेसुद्धा. घर सोडताना माणूस सामान आवरतो तसं त्याने आवरलं होतं.

मी पात्राला शहराबाहेर काढलं आणि नदीकडे चालू लागले. घोड्यावर बसले नाही. पुलाशी आले, वर पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. टेकडीवर झाडीत पांढरी भिंत जशीच्या तशी होती. उगाच मनाला काहीबाही लावून घेते मी, असं वाटलं. पूल ओलांडला. चार पावलं गेले असेन नसेन, भिंत गेली. टेकडी होती, झाडी होती, गवत हलत होतं. वर चढून गेले. घर होतं तिथं एक दगड आणि काही निळी फुलं, मूळ खेळात होती तशी.

माझ्या मागे आई भाजी निवडत बसली होती. तिला खेळातलं तेवढं एक घर ओळखता यायचं. ती म्हणाली, "आत्ता तर व्हतं की गं तितं."

"लांबनंच व्हतं, आई."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजीत मान घातली.

काय झालंय ते मला कळलं होतं, तरी मी यादी उघडून वरून खालपर्यंत वाचली. घराची फाइल नव्हती. लांबचं जुनं जग मात्र घर असताना घडवलेलं, आणि त्यात नुसत्या जाळ्या आणि चित्रं असतात. यादीत काय आहे, काय गेलं, त्यांना काही पत्ता नसतो. ती आपली दाखवत राहतात.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आईबाबांशी बोलून झाल्यावर मी घेतला.

"घर काढलंस?"

"हां," तो म्हणाला. "सगळे पॅच एकत्र केले तरी एक जागा कमी पडत होती. आता कोण जातंय तिकडं."

"बरं केलंस," मी म्हणाले.

आमच्या घरात काही जिव्हारी लागलं की "बरं केलंस" म्हणतात. त्याला हे माहीत होतं. फोन ठेवल्यावर मला रडू आलं आणि रडू आलं याचा रागही आला. त्याने घोड्यांच्या आयाळीचा मॉड ठेवला होता. वाऱ्यावर आयाळ उडते, एवढंच काम त्याचं. आयाळीला जागा होती.

यादी माझ्याकडेही होती. आयाळ काढून घर परत घालणं पाच मिनिटांचं काम, आणि मग त्याला नवी यादी पाठवली असती तर त्याने मुकाट्याने घेतलीही असती. पण मी घातलं असतं तर ते त्याचं घर राहिलं नसतं. त्याची गादी आपण उन्हात घालतो, तो त्यावर झोपायला येत नाही. तसंच आणखी एक झालं असतं.

पुढच्या सुट्टीत मी लांबचं जग घडवायला बसले. रुमाल काढून ठेवला. प्रोग्रॅमने नवी यादी वाचायला सुरुवात केली. हे झालं की पुलावरूनही घर दिसणार नव्हतं. जवळचं आणि लांबचं छान जुळणार होतं. काम चोख होणार होतं, आणि मला ते चोख नको होतं. गणिताच्या बाईने असं म्हणू नये, पण म्हणते.

लांबचं जग एकसंध नसतं, त्याचे चौकोनी तुकडे असतात, आणि अंतराप्रमाणे कमी-जास्त तपशिलाचे थर असतात. टेकडी ज्या तुकड्यांत येते त्या तीन फाइली, प्रत्येक थरातली एक, मी जुन्यातून काढून नव्यात ठेवल्या. खेळ सुरू केला, पुलाशी गेले आणि हसूच आलं. घर होतं, पण भिंतीवर झाडाची साल होती आणि जिन्यावर गवताचं छप्पर. सगळ्या लांबच्या वस्तूंची चित्रं एका मोठ्या कागदावर चिकटवल्यासारखी एकत्र असतात. नव्याने घडवलं की त्या चित्रांच्या जागा बदलतात. जुना तुकडा बिचारा जुन्या जागी भिंत शोधत होता आणि तिथं आता साल होती. मग मी जुनं एकत्र चित्र वेगळ्या नावाने आणून ठेवलं आणि तिन्ही फाइली उघडून त्यांना सांगितलं की तुम्ही यातूनच घ्या. हे करायला अख्खी दुपार गेली. आई म्हणाली, "दिसभर त्या डोंगराकडं बघत बसतीस. गच्चीवर जा की, फुकट दिसतोय."

संध्याकाळी पुलाच्या अलीकडून वर पाहिलं. भिंत पांढरी होती. मी पूल ओलांडला नाही. पाळी तिथं संपवली नाही, खानावळीत नेऊन संपवली, आणि घडवलेलं सगळं भावाला पाठवून दिलं. त्या तीन फाइलींबद्दल काही कळवलं नाही.

त्याचा फोन पुढच्या रविवारी नाही, मधेच आला. मी शाळेतून येऊन नुकतीच चहा घेत होते.

"ताई, टेकडीवर घर दिसतंय."

"दिसू दे की."

"मी काढलं होतं ना."

"तू जवळचं काढलंस. लांबचं माझ्याकडं हाय."

आई दारातून, कोणाचा फोन, असं खुणेने विचारत होती. मी हाताने थांब म्हटलं.

"गेला होतास का वर?" मी विचारलं.

"गेलो की. पूल ओलांडला आन् गेलंच ते. परत मागं आलो, तर पुन्हा दिसायला लागलं. तसं दोन-चारदा केलं." मग म्हणाला, "भिंत बराबर आलीय."

"आधी साल आली होती तिच्यावर. घालवली."

तो हसला. लई दिवसांनी हसला. "मग चित्र वेगळं ठेवलं आसशील."

"ठेवलं."

"गच्चीवरची बाज दिसत न्हाई पण."

"खोक्यात तूच धरली नव्हतीस. घाई होती तुला जायची."

हे मी बोलायला नको होतं, पण बोलून गेले. मग तो म्हणाला, "ताई, विचारायला पायजे होतं मी तुला."

"व्हय. पायजे होतं."

"परत घालू का?"

मला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. पण तो माझ्यासाठी विचारत होता, हे आवाजात कळत होतं, आणि मला ते घर त्याने त्याच्यासाठी ठेवलेलं हवं होतं.

"तुझं तू बघ," मी म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

त्या शनिवारी त्याचं सेव्ह आलं. यादी तीच होती, घराची फाइल नव्हती. मी चहाचा कप बाजूला ठेवून सेव्ह उघडलं. मला खानावळीची खोली अपेक्षित होती.

पात्र बाहेर होतं, उघड्यावर. नदीच्या पुलाशी, अलीकडच्या काठावर उभं होतं. अंगावर लाल झूल होती. तोंड टेकडीकडे होतं. पायाशी, पुलाच्या पहिल्या दगडावर, कोबीचे ते दोन गड्डे ठेवले होते.

मी आईला हाक मारली. ती हात पुसत आली, पडद्यासमोर वाकून तिने पाहिलं आणि विचारलं, "आत का गेला न्हाई मग?"

मी कुठलंही बटण न दाबता बसून राहिले. ती पण खुर्ची ओढून शेजारी बसली.